प्रत्येक मर्यादेला दिशा असते

*"सहा प्रार्थनास्थळांत येणाऱ्या ४१२ प्रौढांकडून मी प्रश्नावली भरून घेतली. सामूहिक प्रार्थनेला जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये एकटेपणा कमी दिसला, सहसंबंध −०.२४. मागच्या जर्नलला मर्यादा अगदी प्रामाणिकपणे लिहिल्या, तर समीक्षकाने माझीच वाक्यं उचलून पेपर परत पाठवला. मार्गदर्शक म्हणतात, दोन ओळींत उरका, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता? मला लपवायचं नाही, पण पेपरही बुडवायचा नाही. किती लिहू आणि कसं लिहू?"*
— एक पीएचडी संशोधक

समीक्षकाने उचललेली वाक्यं साधारण अशी असणार: नमुना मर्यादित होता, माहिती उत्तरदात्यांनी स्वतः दिलेली असल्याने ती अचूक नसू शकते, नमुना सोयीने निवडल्यामुळे निष्कर्ष सर्वांना लागू होणार नाहीत, अभ्यास एकाच वेळी केल्याने कार्यकारणभाव सांगता येत नाही. चारही वाक्यं खरी असू शकतात. पण ती कुठल्याही प्रश्नावलीच्या पेपरात जशीच्या तशी चिकटवता येतात, आणि गोची तिथेच आहे. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की कुठेतरी पाणी मुरतंय. तुमचा −०.२४ हा आकडा त्यामुळे फुगलाय की आकसलाय, आणि साधारण किती, हे त्याला कळत नाही. मग तो सर्वांत वाईट शक्यता धरतो. तुम्ही प्रामाणिक होतात म्हणून पेपर परत आला नाही. प्रामाणिकपणा अर्ध्यावर सोडलात म्हणून आला.

निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत यासाठी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रोब या यादीत २२ मुद्दे आहेत आणि १९वा मर्यादांचा आहे. संभाव्य दोषांची दिशा आणि आकारमान, दोन्हींची चर्चा करा, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. यादी साथरोगशास्त्रातली असली तरी धर्माच्या सर्वेक्षणांना ती तंतोतंत लागू पडते. म्हणून प्रत्येक मर्यादेला तीन प्रश्न विचारा. ही चूक आकडा कुठे ढकलते? किती ढकलू शकते? आणि एवढं होऊनही पेपरमधला कोणता दावा शाबूत राहतो?

त्याआधी मर्यादांच्या विभागातून काही गोष्टी बाहेर काढा, कारण त्या मर्यादा नाहीतच. ४१२ हा सहसंबंधासाठी छोटा नमुना नाही. −०.२४ भोवतीचं ९५ टक्के विश्वासांतर −०.१५ ते −०.३३ असं येतं. ते निकालाच्या तक्त्यात द्या, म्हणजे "नमुना लहान" हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही. श्रद्धेचे दावे खरे की खोटे हे अभ्यास सांगत नाही, हे वाक्यही पुष्कळ पेपरांत मर्यादांमध्ये सापडतं. ती अभ्यासाची व्याप्ती आहे. प्रस्तावनेत एका ओळीत सांगा. मर्यादांमध्ये ते आलं की धर्मशास्त्राकडून आलेल्या समीक्षकाला तुम्ही श्रद्धेबद्दल माफी मागताय असं वाटतं आणि मानसशास्त्राकडून आलेल्याला तुम्ही तिची वकिली करताय असं. तुम्ही स्वतः त्या परंपरेतले आहात की बाहेरचे, हे पद्धतीच्या विभागात लिहा: प्रश्नावली कोणी वाटली, उत्तरदाते तुम्हाला ओळखत होते का, उत्तरं निनावी होती का. याचा उत्तरांवर परिणाम होतो, म्हणून ती माहिती तिथलीच.

आणि एक गोष्ट अशी, जी तुमच्या पत्रात नाही पण समीक्षक हमखास काढेल. एकाच ठिकाणी येणारी माणसं एकमेकांसारखी असतात. समजा, सहापैकी एका ठिकाणी वातावरण जिव्हाळ्याचं आहे आणि उपस्थितीही दांडगी आहे, तर सगळा सहसंबंध ठिकाणाठिकाणांतल्या फरकातून आलेला असू शकतो, माणसामाणसांतल्या नाही. वर दिलेलं विश्वासांतरही ४१२ जण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत धरतं. याची कबुली देऊन भागणार नाही, विश्लेषणच करायला हवं. ठिकाणांसाठी पाच सूचक चल घालून समाश्रयण पुन्हा चालवा आणि ठिकाणाच्या आतला संबंध किती उरतो ते निकालात द्या. सहा हा आकडा बहुस्तरीय प्रारूपासाठी फार तोकडा आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. जे दोन तासांत तपासता येतं ते मर्यादा म्हणून लिहिणं हे समीक्षकाला चिडवायचं सर्वांत सोपं निमित्त.

एवढं झालं की तीन खऱ्या मर्यादा उरतात.

पहिली, उपस्थिती उत्तरदात्याने स्वतः सांगितलेली आहे. धर्माच्या अभ्यासात ही नुसती औपचारिक शंका नाही. १९९३ मध्ये हॅडवे, मार्लर आणि चाव्हेस यांनी अमेरिकेतल्या काही भागांत चर्चमधली प्रत्यक्ष माणसं मोजली, तेव्हा सर्वेक्षणात सांगितल्या जाणाऱ्या साप्ताहिक उपस्थितीच्या जवळपास निम्मीच उपस्थिती भरली. हा दाखला समीक्षकाला माहीत असतो. पण इथे बहुतेक लेखक, आणि बरेच समीक्षकही, एक उडी मारतात: उपस्थिती दुप्पट सांगितली जाते, म्हणजे सहसंबंधही तेवढाच बेभरवशाचा. तसं नसतं. प्रत्येकाने सारख्याच प्रमाणात वाढवून सांगितलं तर सरासरी बदलेल, सहसंबंध तसूभरही हलणार नाही. कुणी जास्त, कुणी कमी, काही ताळमेळ नसताना चुकलं तर सहसंबंध शून्याकडे सरकेल, म्हणजे तुमचा आकडा खऱ्यापेक्षा लहान असेल. दोन्ही मोजमापांची विश्वसनीयता ०.८० धरली तर −०.२४ च्या मागे −०.३० च्या आसपासचा संबंध दडलेला असू शकतो. (हा दुरुस्त आकडा सारांशात मात्र मिरवू नका. उपस्थितीचा एकच प्रश्न असेल तर त्याची विश्वसनीयता तुम्ही मोजलेलीच नाही.)

धोका तिसऱ्या शक्यतेत आहे. चांगलं दिसावं म्हणून जो उपस्थिती वाढवून सांगतो, तोच एकटेपणा कमी करून सांगत असेल, तर दोन्ही चुका मिळून नसलेला संबंध उभा करतात. धार्मिकतेच्या अभ्यासात ही शक्यता झटकून टाकता येत नाही. सेडिकिडेस आणि गेबाउअर यांच्या २०१० च्या एकत्रित विश्लेषणात आंतरिक धार्मिकता आणि समाजाला रुचेल तसं उत्तर देण्याची प्रवृत्ती यांचा धन संबंध दिसला आहे. तुम्ही ही प्रवृत्ती मोजलेली नसेल तरी ती किती नुकसान करू शकते हे कागदावर काढता येतं. आंशिक सहसंबंधाचं सूत्र घ्या. x उपस्थिती, y एकटेपणा आणि z ही न मोजलेली प्रवृत्ती:

```
r_xy.z = (r_xy - r_xz * r_yz) / sqrt((1 - r_xz^2) * (1 - r_yz^2))
```

समजा त्या प्रवृत्तीचा उपस्थितीशी सहसंबंध ०.२० आणि एकटेपणाशी −०.२० आहे. अंशात −०.२४ + ०.०४ = −०.२०, छेदात ०.९६, उत्तर −०.२१. हेच ०.३० आणि −०.३० धरा, तर −०.१५ भागिले ०.९१, म्हणजे −०.१६. संबंध पार शून्यावर यायला मात्र दोन्ही सहसंबंधांचा गुणाकार −०.२४ व्हावा लागतो, म्हणजे उपस्थितीशी साधारण ०.४९ आणि एकटेपणाशी −०.४९. इतकी जोरकस प्रवृत्ती तुमच्या उत्तरदात्यांत असेल का, यावर वाचक आता स्वतःचं मत बनवू शकतो. समीक्षकालाही "हे सगळं सोशल डिझायरेबिलिटीचं असेल" असं मोघम लिहिता येत नाही, ०.४९ का पटावं हे त्याला सांगावं लागतं. गणित दहा मिनिटांचं आहे. उणे-अधिक चिन्हं मात्र दोनदा तपासा, कारण चिन्ह चुकलं की दोष आकडा फुगवण्याऐवजी आकसवतो असं उलटंच उत्तर येतं.

दुसरी मर्यादा नमुन्याची. "निष्कर्ष सर्वांना लागू होणार नाहीत" असं लिहून लोक मोकळे होतात, पण तुमच्या अभ्यासात प्रश्न त्याहून टोकदार आहे. प्रश्नावली प्रार्थनास्थळात वाटली, म्हणजे जे येणं सोडून गेले ते नमुन्यात नाहीत. त्यांतले काहीजण तिथे कुणी विचारलं नाही, परकं वाटलं म्हणून सुटले. हे कमी येणारे आणि एकटे लोक. ते नमुन्यात असते तर तुमचा संबंध आणखी ठळक झाला असता. काहीजण मात्र येणं सोडूनही मित्रमंडळींत मजेत आहेत. हे कमी येणारे आणि एकटे नसलेले; ते असते तर संबंध फिका पडला असता. दिशा दोन आहेत, आणि दोन्ही लिहायच्या. आपल्या सोयीची तेवढी लिहिली तर समीक्षक दुसरी लिहितो, आणि तीही जरा तिखट शब्दांत.

याचं आकारमान नेमकं काढता येत नाही, पण डेटा अगदी मुका नसतो. "वर्षातून एक-दोनदा" आणि "क्वचित" हे पर्याय निवडणारे किती आहेत ते मोजा. ते बरेच असतील तर उपस्थितीचं खालचं टोक अगदी रिकामं नाही असं म्हणता येतं, आणि त्या गटात एकटेपणाचे गुण किती विखुरलेत तेही दाखवता येतं. गुण दोन टोकांना पांगले असतील, तर सुटलेले लोकही दोन प्रकारचे असतील या अंदाजाला थोडा आधार मिळतो. ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर दावाच आवरा: अभ्यास "जाणारे आणि न जाणारे" यांच्याबद्दल नाही, "जाणाऱ्यांमध्ये कमी आणि जास्त जाणारे" यांच्याबद्दल आहे. हा दावा छोटा आहे, पण पूर्णपणे तुमचा आहे. याच ठिकाणी आणखी एक वाक्य घाला. ज्या परंपरांत मुख्य आचरण घरी किंवा एकट्याने होतं, तिथे सामूहिक उपस्थिती हे धार्मिकतेचं माप होत नाही. धर्माभ्यासाचा समीक्षक सर्वांत आधी हेच शोधतो, आणि म्हणूनच पेपरभर "धार्मिक लोक" असं न लिहिता "नियमित उपस्थित राहणारे" असं लिहिणं शहाणपणाचं.

तिसरी, काळाची दिशा. उपस्थितीने एकटेपणा कमी होतो, की एकटी पडलेली माणसं येणं थांबवतात? तुमच्या डेटात दोन्हींचा ठसा सारखाच उमटतो. दुसरी शक्यता हवेतली नाही. अमेरिकेतल्या जवळपास ४९ हजार परिचारिकांचा बारा वर्षं मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, नियमित उपस्थित राहणाऱ्या स्त्रियांमध्ये पुढे नैराश्य कमी आढळलं, आणि नैराश्य असलेल्या स्त्रिया पुढे नियमित उपस्थित राहण्याची शक्यताही कमी आढळली. बाण दोन्हीकडून निघतात. तो अभ्यास नैराश्याचा आहे, एकटेपणाचा नाही, आणि फक्त स्त्रियांचा आहे. दाखला देताना हे त्याच वाक्यात सांगा.

इथे खरं काम मर्यादांच्या विभागात नसून बाकीच्या पेपरमध्ये आहे. शीर्षकात "एकटेपणावरील परिणाम", सारांशात "उपस्थितीमुळे एकटेपणा घटतो", आणि शेवटी एका कोपऱ्यात "कार्यकारणभाव सांगता येत नाही": समीक्षकाला तुमचीच वाक्यं तुमच्याविरुद्ध वापरता येतात ती अशी. फाइलमध्ये "मुळे", "परिणाम", "प्रभाव", "घटव", "वाढव" हे शब्द एकेक करून शोधा. पेपर इंग्रजीत असेल तर effect, impact, reduces, leads to, protective शोधा. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, हे वाक्य उलट दिशेनेही खरं ठरू शकतं का? ठरत असेल तर क्रियापद बदला. पेपरभर जेवढं म्हटलंय तेवढंच मर्यादांमध्ये कबूल केलं, तर समीक्षकाच्या हाती फारसं काही लागत नाही.

आता हे सगळं परिच्छेदात कसं उतरतं ते पाहा. स्वतः सांगितलेल्या उपस्थितीबद्दल तुमचं जुनं वाक्य बहुधा असं असेल: "माहिती उत्तरदात्यांनी स्वतः दिलेली असल्याने ती पूर्णपणे अचूक नसण्याची शक्यता नाकारता येत नाही." त्याऐवजी:

> उपस्थिती उत्तरदात्यांनी स्वतः सांगितलेली आहे आणि अशी उपस्थिती प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगितली जाते हे ज्ञात आहे. ही वाढ सर्वांत सारखी असेल तर सहसंबंधावर तिचा परिणाम होत नाही. यादृच्छिक असेल तर येथे दिलेला सहसंबंध प्रत्यक्षापेक्षा कमी आहे. समाजाला रुचेल तसे उत्तर देण्याच्या प्रवृत्तीने उपस्थिती वाढवून आणि एकटेपणा कमी करून सांगितला गेला असेल तर मात्र तो फुगलेला आहे. ही प्रवृत्ती आम्ही मोजलेली नाही. तिचा उपस्थितीशी ०.३० आणि एकटेपणाशी −०.३० इतका सहसंबंध धरल्यास −०.२४ ऐवजी −०.१६ उरतो, संबंध नाहीसा होण्यासाठी अनुक्रमे सुमारे ०.४९ आणि −०.४९ लागतील. त्यामुळे संबंधाची दिशा टिकण्याची शक्यता अधिक आहे. त्याच्या आकाराबद्दल आम्ही तेवढ्या खात्रीने बोलत नाही.

शेवटचं वाक्य पाहा. त्यात काय टिकतं आणि काय डळमळीत आहे हे वेगवेगळं सांगितलंय. त्या जागी "तरीही हा अभ्यास महत्त्वाचा आहे" असलं काही आलं तर वरचं सगळं मुसळ केरात. "तरीही" आणि "असे असले तरी" ही अव्ययं या विभागात दिसली की थांबून बघा. त्यांच्या मागे पुरावा नसेल तर ते वाक्य म्हणजे निव्वळ मलमपट्टी.

तिन्ही मर्यादा मिळून चारशे ते पाचशे शब्द पुरेत. क्रम गंभीरतेचा ठेवा: तुमच्या बाबतीत आधी काळाची दिशा, मग सुटलेले लोक, मग उपस्थितीचं मोजमाप. आकड्यांचा भार मोजमापाच्या मर्यादेत असला तरी सर्वांत मोठा घाव काळाच्या दिशेचा आहे, आणि ती मागे ढकलली की लपवल्यासारखी दिसते. विभाग चर्चेच्या शेवटून दुसरा ठेवा, म्हणजे त्यानंतर निष्कर्षाचा परिच्छेद येतो आणि पेपर शंकेवर संपत नाही. जर्नलने वेगळी जागा ठरवून दिली असेल तर अर्थातच तिथे. "पुढील संशोधनाने हा प्रश्न अधिक सखोल तपासावा" हे वाक्य काढून टाका आणि कोणता निकाल आला तर तुमचा अर्थ चुकीचा ठरेल ते लिहा. उदाहरणार्थ, त्याच लोकांना वर्षभराने पुन्हा विचारलं आणि आधीच्या एकटेपणावरून नंतरची उपस्थिती सांगता आली, पण आधीच्या उपस्थितीवरून नंतरचा एकटेपणा सांगता आला नाही, तर उपस्थिती एकटेपणापासून वाचवते हा अर्थ मागे घ्यावा लागेल.

एवढं करूनही एखादा समीक्षक तोच मुद्दा काढेल. उत्तरात वाद घालू नका. परिच्छेदाचं स्थान सांगा, आकडा पुन्हा लिहा, आणि त्याने नवी शंका सुचवली असेल तर त्याच सूत्रात त्याचे आकडे घालून आलेलं उत्तर पेपरमध्ये जोडा. त्याच्या आकड्यांनी संबंध खरोखरच शून्यावर येत असेल आणि ते आकडे पटण्यासारखे असतील, तर सारांशातलं वाक्य बदला आणि बदल कुठे केला ते संपादकांना कळवा.